देव, कंपनी आणि सोसायटी: ‘कायदेशीर व्यक्ती’वरचे एमसीक्यू सोडवण्याची रीत

आधी एक प्रश्न सोडवा, मग पुढे वाचा.

खालीलपैकी कोणाला कायदा स्वतंत्र व्यक्ती मानत नाही?
(अ) मंदिरात प्रतिष्ठापना झालेली मूर्ती
(ब) खासगी मर्यादित कंपनी
(क) भागीदारी संस्था, म्हणजे फर्म
(ड) गुरुद्वारात विराजमान गुरु ग्रंथ साहिब

उत्तर (क). नवी पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत हा प्रश्न टाकून बघा, निम्मे जण (अ) किंवा (ड)वर अडतात. दगडाची मूर्ती व्यक्ती कशी, ग्रंथ व्यक्ती कसा, असं मनात येतं आणि हात तिकडे जातो. फर्मचं दुकान असतं, पाटी असते, बँकेत खातं असतं, पॅन कार्ड असतं, त्यामुळे ती मात्र ‘खरी’ वाटते. पण फर्म म्हणजे भागीदारांना मिळून दिलेलं एक नाव. दावा फर्मच्या नावाने लावता येतो, आयकर कायदा तिला करापुरतं व्यक्ती धरतो, तरी भागीदारांपासून वेगळं अस्तित्व तिला नाही.

एलएलबीचा ज्युरिसप्रुडन्सचा पेपर असो, नेट असो की न्यायाधीश भरतीची पूर्वपरीक्षा, या भागावरचे प्रश्न साधारण चार-पाच ठिकाणीच घोळ घालतात. कंपनीचं प्रकरण सगळ्यांनी वाचलेलं असतं. मार्क जातात ते मूर्तीवर. म्हणून इथे मूर्ती मध्यभागी ठेवली आहे आणि कंपनी तुलनेला घेतली आहे.

पायरी पहिली: मालक, कारभारी आणि लाभार्थी वेगळे करा

सॅमंडची व्याख्या साधी आहे. हक्क आणि कर्तव्यं धारण करायला कायदा ज्याला पात्र समजतो, तो कायद्याच्या लेखी व्यक्ती. त्यात हाडामांसाची अट नाही. गुलामगिरीच्या काळात जिवंत माणूस कायद्याने वस्तू होता, तेव्हा माणूस असणं आणि व्यक्ती असणं यांचा मेळ बसलाच पाहिजे असं नाही.

प्रश्न हातात आला की मी समासात तीन नावं लिहायला सांगतो: मालमत्ता कोणाच्या नावाची, कारभार कोण बघतो, फायदा कोणाचा. कंपनीत मालक स्वतः कंपनी, कारभार संचालकांकडे, फायदा भागधारकांना. देवस्थानात मालक देव, कारभार वहिवाटदाराकडे (बंगालकडच्या निकालांत याला शेबाइत म्हणतात), फायदा भक्तांचा. परीक्षक काय करतो, तर या तिघांची अदलाबदल करतो.

कंपनीच्या बाजूने ही अदलाबदल १८९७च्या सालोमन खटल्यात झाली. ॲरन सालोमनचा चामड्याच्या बुटांचा धंदा. त्याने कंपनी काढली आणि २०,००७ शेअरांपैकी २०,००१ स्वतःकडे ठेवले, उरलेले सहा बायको आणि मुलांच्या नावे एकेक. कंपनी बुडाली तेव्हा देणेकऱ्यांचं म्हणणं पडलं की ही कंपनी म्हणजे सालोमनच. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मानलं नाही. शेअर किती जणांकडे, किती वाटले गेले, यावर कंपनीचं वेगळेपण ठरत नाही. आपल्याकडे १९५५मध्ये बच्चा गुझदर खटल्यात हेच दुसऱ्या अंगाने आलं. चहाच्या कंपन्यांचं बरंचसं उत्पन्न शेतीचं होतं, म्हणून आपला लाभांशही शेतीचं उत्पन्न धरावा असं भागधारक बाई म्हणत होत्या. सुप्रीम कोर्ट म्हणालं, चहाचा मळा कंपनीचा आहे, तुमचा नाही. तुमच्या हाती येतो तो लाभांश.

देवस्थानात हाच प्रश्न असा येतो:

देवस्थानाच्या दानाचे खरे लाभार्थी कोण?
(अ) मूर्ती (ब) पुजारी (क) भक्त (ड) दात्याचे वारस

इथे ‘मूर्ती’वर खूण करणारे बरेच असतात, कारण मूर्ती मालक आहे हे त्यांनी पाठ केलेलं असतं. पण प्रश्न मालकाचा नाही. १९५७च्या देवकीनंदन वि. मुरलीधर निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूर्तीची मालकी एका आदर्श अर्थाने आहे, खरे लाभार्थी भक्तच. उत्तर (क). हाच प्रश्न ‘मालमत्ता कोणाच्या ठायी निहित होते?’ असा आला असता, तर उत्तर (अ). म्हणून ‘मालमत्ता’, ‘व्यवस्थापन’ आणि ‘लाभ’ यांपैकी कोणता शब्द प्रश्नात आहे त्याखाली रेघ मारा आणि मगच पर्यायांकडे वळा.

पायरी दुसरी: ही व्यक्ती जन्मली केव्हा?

कंपनीचं सोपं आहे. निबंधकाने नोंदणीचं प्रमाणपत्र दिलं की २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम ९ प्रमाणे ती अस्तित्वात आली. मूर्तीला असं सरकारी प्रमाणपत्र नसतं. तिथे दोन गोष्टी बघायच्या: विधिपूर्वक प्रतिष्ठापना, आणि एखाद्या धर्मकार्याला कायमचं समर्पण. मूर्तिकाराच्या कारखान्यात रांगेने ठेवलेल्या मूर्ती विकाऊ माल आहेत, त्यांच्यावर जीएसटीचा विचार होतो, दावा लावण्याचा नाही.

गुरु ग्रंथ साहिबाबद्दल २०००मध्ये सुप्रीम कोर्टाने शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी वि. सोमनाथ दास या खटल्यात हाच फरक केला. गुरुद्वारात प्रतिष्ठित झालेला ग्रंथ ही कायदेशीर व्यक्ती. पुस्तकांच्या दुकानातली किंवा घरातली प्रत्येक प्रत व्यक्ती नव्हे. परीक्षक ‘गुरु ग्रंथ साहिबची प्रत्येक प्रत’ असा पर्याय टाकतो. त्यातला ‘प्रत्येक’ वाचायचा राहिला की मार्क गेला.

इथे पुण्यातल्या वाचकाला एक शंका हमखास येते. गणेशोत्सवात मंडळाच्या मूर्तीचीही प्राणप्रतिष्ठा होते, मग ती दहा दिवसांची व्यक्ती म्हणायची का? माझ्या मते असं धरणं बरोबर नाही. तिथे विधी आहे, पण त्या मूर्तीच्या नावे कायमचं समर्पण नाही. उलट विसर्जन ठरलेलंच आहे. मंडळाचे पैसे, ढोल-ताशे, मांडवाचं सामान हे विश्वस्तांकडे राहतं आणि मांडववाल्याने बिलावरून भांडण काढलं तर कोर्टात विश्वस्त जातात. कसब्याच्या गणपतीसारख्या मंदिरातल्या देवाची गोष्ट वेगळी, तिथे प्रतिष्ठापना कायमची असते.

आता उलट्या बाजूचा प्रश्न. मूर्ती अजून घडलीच नाही, आणि एखाद्याने मृत्युपत्रात लिहिलं की माझ्या पश्चात देवाची स्थापना करून ही जमीन देवाला द्यावी. हे दान टिकतं का? न जन्मलेल्याला दान देता येत नाही हा नियम पाठ असलेले ‘नाही’ म्हणतात. कलकत्ता हायकोर्टाच्या पूर्णपीठाने भूपतिनाथ स्मृतितीर्थ खटल्यात हे दान वैध ठरवलं. तो नियम माणसाला दिलेल्या दानाचा आहे, धर्मकार्याला दिलेल्या दानाचा नाही.

आणि आपल्याकडचा खास सापळा: ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाल्यावर मंदिराच्या मूर्तीला कायदेशीर व्यक्तिमत्त्व मिळते.’ हे विधान चूक. ती नोंदणी देखरेखीसाठी आहे. हिशोब, विश्वस्तांची नावं, मालमत्तेची यादी तिथे जाते. देवाचं व्यक्तिमत्त्व नोंदणीच्या आधीपासून असतं. कंपनीचा नियम डोक्यात घट्ट बसला की नोंदणी म्हणजे जन्म असं वाटू लागतं, तिथूनच ही चूक होते.

पायरी तिसरी: एक निकाल जवळून वाचा

प्रमथनाथ मल्लिक वि. प्रद्युम्नकुमार मल्लिक, प्रिव्ही कौन्सिल, १९२५. या विषयावर एकच निकाल मुळापासून वाचायचा असेल तर हा वाचा. कलकत्त्यातल्या एका श्रीमंत घराण्याचा कुलदेव. पूजेचा हक्क वारसांमध्ये वाटला गेला होता, प्रत्येकाची पाळी ठरलेली. एका शेबाइताचं म्हणणं असं की माझी पाळी आली की मी मूर्ती माझ्या घरी नेईन, तिथे पूजा करीन आणि पाळी संपली की परत आणीन. बाकीच्यांचा विरोध.

वरवर बघितलं तर हे भाऊबंदकीतलं वाटणीचं भांडण. घरातली एखादी वस्तू दोघांची असेल तर आळीपाळीने वापरायला काय हरकत, असा युक्तिवाद होऊ शकला असता. प्रिव्ही कौन्सिलने तो पायाच काढून घेतला. मूर्ती म्हणजे इकडून तिकडे न्यायची चल मालमत्ता नव्हे. तिला कायदेशीर दर्जा आहे, ती दावा लावू शकते, तिच्यावर दावा लागू शकतो. आणि मग पुढचं पाऊल, जे पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकलं जातं: ती व्यक्ती आहे, तर ती कुठे राहील याबाबत तिची इच्छा विचारात घ्यायला हवी.

पण मूर्तीची इच्छा सांगणार कोण? नेहमी शेबाइत सांगतो. इथे शेबाइतच एकमेकांविरुद्ध उभे, प्रत्येकाचा स्वतःचा हेतू. म्हणून प्रकरण परत पाठवलं गेलं आणि सांगितलं गेलं की या भांडणात ज्याचा काही स्वार्थ नाही असा वादमित्र कोर्टाने नेमावा आणि त्याच्यामार्फत देवाचं म्हणणं ऐकावं. कारभाऱ्याला मालकासारखं वागू दिलं नाही आणि कारभाऱ्यांचं आपसातलं भांडण म्हणजे मालकाचं मत असंही धरलं नाही. पहिल्या पायरीतली तीन नावं इथे किती कामाला येतात बघा.

या निकालावरचा नेहमीचा प्रश्न असतो ‘मूर्तीचे प्रतिनिधित्व कोण करते?’ आणि पर्यायांत शेबाइत, भक्त, न्यायालयाने नेमलेला वादमित्र, वरीलपैकी सर्व. परिस्थिती न देता विचारलं असेल तर ‘सर्व’ बरोबर, कारण साधारणपणे शेबाइत, त्याचा हितसंबंध आडवा येत असेल तर नेमलेला वादमित्र, आणि शेबाइतच मालमत्ता विकून खात असेल तर भक्तही. हा शेवटचा मुद्दा १९६७च्या बिश्वनाथ वि. श्री ठाकूर राधा वल्लभजी निकालातला. परिस्थिती दिली असेल तर मात्र ‘सर्व’ बहुधा चूक असतं. दिलेल्या परिस्थितीत कोणाचं हित देवाच्या हिताशी जुळतं ते बघा.

सिद्धांतांवरच्या प्रश्नांना इथेच उरकून घेऊ. सॅविनीचा कल्पित व्यक्तीचा सिद्धांत म्हणतो, खरी व्यक्ती माणूसच, बाकी कायद्याने केलेली कल्पना. गिएर्के म्हणतो, समूहाला खरंच स्वतःची इच्छा असते. येरिंगच्या मते खरे हक्क सभासदांचेच, समूहाचं नाव केवळ कंसासारखं त्यांच्याभोवती घातलेलं. ब्रिंझ म्हणतो, मालमत्ता एका हेतूशी बांधलेली असते, व्यक्ती शोधायचीच गरज नाही. येरिंगचा सिद्धांत मूर्तीला लावायला गेलं तर कंसात घालायला सभासदच नाहीत. गिएर्केला समूह सापडत नाही. आपल्या कोर्टांची भाषा ब्रिंझच्या सर्वांत जवळ जाते, कारण व्यक्तिमत्त्व दगडाला दिलं जात नाही, धर्महेतूला दिलं जातं आणि मूर्ती त्या हेतूचं रूप. म्हणून ‘मूर्ती भंगली किंवा चोरीला गेली तर देवाची मालमत्ता कोणाची?’ या प्रश्नाला ‘दात्याच्या वारसांची’ हे उत्तर चूक. हेतू टिकून आहे, मालमत्ता देवाचीच राहते.

पायरी चौथी: व्यक्ती आहे, पण किती?

पेपर अवघड करायचा असेल तर परीक्षक इथे येतो. व्यक्ती ठरली की माणसाचे सगळे हक्क मिळाले, असं होत नाही. प्रत्येक हक्कासाठी वेगळं विचारावं लागतं.

कंपनी व्यक्ती आहे, नागरिक नाही. १९६३च्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन निकालाने हे पक्कं केलं. त्यामुळे अनुच्छेद १४ खाली ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणून ती येऊ शकते, अनुच्छेद १९ खाली ‘सर्व नागरिक’ म्हणून नाही. पर्याय वाचताना घटनेतला मूळ शब्द आठवा, उत्तर सापडतं.

कंपनीवर फौजदारी खटला चालतो का? तुरुंगात तर टाकता येत नाही. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या २००५च्या निकालात पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं की ज्या गुन्ह्याला तुरुंगवास आणि दंड दोन्ही सक्तीचे आहेत, तिथेही कंपनीवर खटला चालेल आणि शिक्षा दंडाची होईल.

देवाला मूलभूत हक्क आहेत का? शबरीमला प्रकरणात २०१८मध्ये न्या. चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात म्हटलं की इतर कायद्यांनी देवाला मर्यादित हक्क दिले म्हणून घटनात्मक हक्कही मिळतात असं नाही. प्रश्नात त्यांचं नाव असेल तर हे उत्तर. नुसतं ‘सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवले’ असं असेल तर विधान चूक.

देवाला आयकर लागतो. योगेंद्रनाथ नस्कर वि. आयकर आयुक्त, १९६९: १९२२च्या आयकर कायद्यात ‘इंडिव्हिज्युअल’ हा शब्द होता आणि त्यात देव बसतो, कर शेबाइतामार्फत आकारता येतो. सवलती मिळतात की नाही तो वेगळा विषय. त्या मिळतात म्हणून देव करदाता होऊच शकत नाही, असा तर्क लावू नका.

आणि सगळ्यांत जास्त चुकणारा मुद्दा: देव कायम अज्ञान असतो. अज्ञान म्हणजे कायद्याच्या भाषेत सज्ञान न झालेला. देव स्वतः व्यवहार करू शकत नाही, दुसऱ्याने करावे लागतात, एवढ्यापुरती ही उपमा. पण तिला ताणून विद्यार्थी पुढे जातात की अज्ञानाला मुदतीच्या कायद्यात सवलत आहे, मग देव कायम अज्ञान, तर देवाच्या दाव्याला मुदतच नाही. ९ नोव्हेंबर २०१९च्या अयोध्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की कायम अज्ञान आहे म्हणून देवाची मुदत कायद्यातून सुटका होत नाही.

पायरी पाचवी: व्यक्तीसारखे दिसणारे, पण नसलेले

इथे एक गोष्ट पुण्यात राहणाऱ्याला फायद्याची आहे. आपण रोज ‘सोसायटी’ म्हणतो त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कोथरूड-कर्वेनगरातली गृहनिर्माण सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते, कलम ३६ प्रमाणे ती निगमित संस्था आहे, स्वतःच्या नावाने मालमत्ता धरते. शिक्षणसंस्था किंवा मंडळं ज्या १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदतात, ती ‘सोसायटी’ निगमित संस्था नाही. सुप्रीम कोर्टाने तिब्बिया कॉलेज प्रकरणात १९६२ला तसं सांगितलं आहे. प्रश्नात नुसतं ‘नोंदणीकृत संस्था’ असेल तर कोणत्या कायद्याखाली हे शोधा. ‘ट्रस्ट’चंही तसंच, मालमत्ता विश्वस्तांच्या ठायी असते, ट्रस्ट म्हणून वेगळा मालक उभा राहत नाही.

मशिदीबाबत लाहोरच्या शहीदगंज प्रकरणात १९४०ला प्रिव्ही कौन्सिलने म्हटलं की कृत्रिम व्यक्ती म्हणून मशिदीच्या नावाने किंवा मशिदीविरुद्ध दावा चालणार नाही. इतर एखाद्या प्रयोजनासाठी ती व्यक्ती ठरू शकते का, हा प्रश्न मोकळा ठेवला. म्हणजे ‘मशीद कोणत्याही प्रयोजनासाठी व्यक्ती असूच शकत नाही, असे ठरले’ हे विधान जरा जास्तच बोलतं.

अयोध्या निकालात रामलल्ला विराजमान ही व्यक्ती मानली गेली, जन्मस्थान नाही. दोघांच्या नावे एकच दावा होता, म्हणून हा प्रश्न परीक्षकांना आवडतो. कारण समजून घेतलं तर विसरणार नाही. जमीनच व्यक्ती मानली तर तिच्यावर दुसऱ्या कोणाचीही मालकी, कब्जा, मुदत काहीच सांगता येणार नाही; मालमत्तेचा वाद पुराव्याने ठरण्याऐवजी नुसत्या श्रद्धेच्या विधानाने संपेल. देवाला मालक मानण्यात हा धोका नाही, कारण मालक मानला तरी त्याला मालकी सिद्ध करावीच लागते.

गंगा-यमुनेला उत्तराखंड हायकोर्टाने मार्च २०१७मध्ये व्यक्ती ठरवलं आणि जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. त्याच वर्षी न्यूझीलंडने संसदेच्या कायद्याने व्हांगानुई नदीला व्यक्तिमत्त्व दिलं. पर्यायात गंगा-यमुना आणि व्हांगानुई असे दोन्ही असले तर व्हांगानुई निवडा.

पायरी सहावी: उताऱ्यावरचा प्रश्न, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता वरचं सगळं एका प्रसंगावर लावू. प्रसंग काल्पनिक आहे, पण पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात शोभेल असा.

‘मुळशी तालुक्यातील एका गावात श्री भैरवनाथाचे सार्वजनिक मंदिर आहे. १९६२ साली एका दात्याने दानपत्राने तीन एकर जमीन देवाला दिली. कारभार दात्याच्या घराण्यातील वहिवाटदाराकडे, पूजा वेतनावरील पुजाऱ्याकडे. सातबाऱ्यावर देवाच्या नावासोबत पुजाऱ्याचेही नाव लागले आहे. २००४ साली वहिवाटदाराने धर्मादाय आयुक्तांची परवानगी न घेता एक एकर जमीन एका खरेदीदाराला विकली. २०२३ साली गावातील दोन भक्तांना दावा लावायचा आहे.’

आधी समासात तीन नावं लिहा. मालक: श्री भैरवनाथ देव. कारभारी: वहिवाटदार. लाभार्थी: भक्त. पुजारी कुठे? कुठेच नाही. तो कारभाऱ्याने नेमलेला सेवक. त्याचं नाव उताऱ्यात घुसवलेलं आहे ते फसवायला.

*१. दाव्यात वादी कोण असावा?* पर्याय येतील: मंदिर, दोन भक्त स्वतःच्या मालकीच्या आधारे, श्री भैरवनाथ देव तर्फे वादमित्र, पुजारी. मंदिराची इमारत ही देवाची मालमत्ता आहे, मालक नाही. भक्तांना मालकी नाही. वहिवाटदारानेच जमीन विकली असल्याने तो देवाच्या बाजूने उभा राहणार नाही. म्हणून देव वादी आणि भक्त वादमित्र. बिश्वनाथ निकालाची परिस्थिती नेमकी हीच. (प्रत्यक्षात नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर १९५०च्या कायद्याच्या कलम ५० आणि ५१ प्रमाणे परवानगीचाही प्रश्न येतो, पण ज्युरिसप्रुडन्सचा पेपर सहसा तिथवर जात नाही.)

*२. सातबाऱ्यावरच्या नावामुळे पुजाऱ्याला मालकी मिळते का?* नाही. मध्य प्रदेशातून आलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२१मध्ये सांगितलं की मालकाच्या रकान्यात फक्त देवाचं नाव हवं. कब्जाही देवाचाच, सेवक किंवा व्यवस्थापक तो देवाच्या वतीने धरतात, म्हणून कब्जेदाराच्या रकान्यातही पुजाऱ्याच्या नावाची गरज नाही. एखाद्या पर्यायात ‘कब्जा पुजाऱ्याचा, मालकी देवाची’ असं अर्धं बरोबर विधान असतं. ते सोडा.

*३. विक्री वैध आहे का?* १९५०च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्ट्यालाही लागते, शेतजमीन दहा वर्षांहून जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीला द्यायची असेल तर. इथे परवानगी नाही. ‘वहिवाटदार दात्याच्या घराण्यातला आहे, म्हणून त्याला विकण्याचा हक्क’ हा पर्याय लक्षात ठेवा. जमीन १९६२लाच घराण्याच्या हातून गेली. दात्याचा वारस असल्याने त्याला कारभार मिळाला, जमीन नाही.

*४. खरेदीदार म्हणतो की २००४पासून जमीन त्याच्या ताब्यात आहे. देवाच्या वतीने काय म्हणता येईल?* एक पर्याय असेल, ‘देव कायम अज्ञान असल्याने मुदत लागूच होत नाही’. तो खोडा. मुदत लागू होते. कोणतं कलम लागू, मुदत कधीपासून मोजायची, ताबा खरोखर मालकाविरुद्धचा होता का, हे पुराव्यावर ठरेल. व्यवस्थापक दावा लावत असेल तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद ९६ची बारा वर्षं आधीच्या व्यवस्थापकाच्या मृत्यूपासून, राजीनाम्यापासून, त्याला काढल्यापासून किंवा नव्याच्या नेमणुकीपासून, जे नंतर घडलं असेल तिथून मोजली जातात. विक्री करणारा वहिवाटदार अजून पदावर असेल, तर या अनुच्छेदाचा हिशोब सुरूच झालेला नाही. म्हणून ‘१९ वर्षं झाली, दावा निश्चितच मुदतबाह्य’ हा पर्यायही चूक. दोन्ही टोकांचे पर्याय खोडले की मधला उरतो.

*५. खरेदीदाराचा वकील म्हणतो, भैरवनाथाची मूळ मूर्ती १९९०ला भंगली, नवी बसवली, त्यामुळे १९६२चं दान संपलं.* तिसऱ्या पायरीत याचं उत्तर आलं आहे. दान दगडाला नव्हतं. जुनी मूर्ती विसर्जित करून नवी बसवणं ही तर परंपरेतलीच रीत, मालक तोच राहतो.

अशा उताऱ्यात सहावा उपप्रश्न कधी कधी येतो: उरलेल्या दोन एकरांचं उत्पन्न देवाचं की वहिवाटदाराचं. उत्पन्न देवाचं. वहिवाटदाराला दानपत्रात किंवा रूढीत काही मेहनताना ठरवून दिला असेल, तर तेवढाच त्याचा. दानपत्राची तशी अट उताऱ्यात दिली नसेल तर ती मनाने घालू नका, ‘काहीही नाही’ हा पर्याय निवडा.